विश्लेषण : ‘मेरोपेनेम – आर’! शेवटचे प्रतिजैविकही तोडणाऱ्या जिवाणूंपुढे डॉक्टर हतबल का होतात?

कार्बापेनेम गटातील प्रतिजैविके ही गंभीर संसर्गावरची राखीव औषधे. मात्र रुग्णालयांतील काही जिवाणू ही औषधे तोडणारे एन्झाइम तयार करतात. हे एन्झाइम नेमके कोणते, यावर पुढचे उपचार कसे अवलंबून असतात? मुंबईत या प्रश्नाची चाहूल केव्हा लागली? आणि उरलेली औषधे का पुरत नाहीत?

रिपोर्टवर ‘आर’ येतो म्हणजे काय होते?

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर राहणाऱ्या ६८ वर्षांच्या एका मधुमेही आजींचे उदाहरण घेऊ. रुग्ण काल्पनिक आहे, पण तिच्यासोबत जे घडते ते मुंबई परिसरातील अतिदक्षता विभागांना अनोळखी नाही. आजी न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. अंथरुणातून उठता येत नसल्याने लघवीची नळी नऊ दिवस राहिली. त्या काळात ताप आला म्हणून सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शने दिली गेली. घरी आल्यावर चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला, रक्तदाब खाली गेला आणि दहिसर चेकनाक्यापलीकडच्या मुंबईतील रुग्णालयात हलवावे लागले.

तेथे रक्त आणि लघवी कल्चरसाठी पाठवली गेली. कल्चर म्हणजे नमुन्यातील जिवाणू वाढवून ते ओळखणे आणि कोणत्या औषधाने मरतात हे पाहणे. त्याचा पूर्ण निकाल यायला दोन ते तीन दिवस लागतात. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला एवढा वेळ थांबता येत नाही. त्यामुळे डॉक्टर अंदाजाने सर्वांत भरवशाचे औषध सुरू करतात. आपल्याकडे ते बहुतेकदा मेरोपेनेम असते.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो. जिवाणूचे नाव क्लेबसिएला न्यूमोनिए. त्याखाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. आजींच्या रिपोर्टवर सेफ्ट्रायॅक्सोनपुढे आर, पिपरासिलिन-टाझोबॅक्टमपुढे आर, अॅमिकासिनपुढे आर आणि मेरोपेनेमपुढेही आर. याचा अर्थ पहिले अडीच दिवस दिलेले औषध जिवाणूचे काहीच बिघडवत नव्हते. पण हा रिपोर्ट एक गोष्ट सांगत नाही. मेरोपेनेम चालत नाही एवढे तो सांगतो, ‘का’ चालत नाही हे सांगत नाही. पुढच्या उपचारांची दिशा नेमकी त्या ‘का’वर ठरते.

कार्बापेनेम राखीव औषध का मानले जाते?

जिवाणूभोवती एक मजबूत पेशीभित्तिका असते. साखळ्या एकमेकींना आडव्या दुव्यांनी जोडून ती विणलेली असते. हे दुवे जोडण्याचे काम काही प्रथिने करतात. पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातील सर्व औषधे या प्रथिनांना फसवतात. औषधाचा रेणू साखळीच्या टोकासारखा दिसतो, प्रथिन त्याला पकडते आणि मग सोडू शकत नाही. भिंतीचे काम थांबते, आतल्या दाबाने जिवाणू फुटतो.

फसवणुकीची ही करामत औषधातील एका छोट्या भागावर अवलंबून आहे. त्याला बीटा-लॅक्टम कडे म्हणतात. चार अणूंचे हे कडे ताणलेल्या धनुष्यासारखे असते आणि प्रथिनाला भिडताच उघडून त्याला चिकटते. जिवाणूंनी याच कड्यावर घाव घातला. त्यांनी बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम तयार केले. ते हे कडे औषध लक्ष्यापर्यंत पोहोचण्याआधीच उघडून टाकते. कडे उघडले की औषधाचा काहीच उपयोग राहत नाही.

मग माणसाने नवी औषधे आणली आणि जिवाणूंनी नवी एन्झाइम. पेनिसिलिन तोडणाऱ्यांनंतर सेफ्ट्रायॅक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिन औषधे तोडणारी ईएसबीएल एन्झाइम आली. कार्बापेनेम औषधांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्या रेणूच्या रचनेमुळे ईएसबीएलला त्यांचे कडे तोडता येत नाही. १९८० च्या दशकात इमिपेनेम वापरात आले, पुढच्या दशकात मेरोपेनेम. बाकीची औषधे हरली की यांच्याकडे वळायचे, असा शिरस्ता पडला. भारतात ईएसबीएलचे प्रमाण मोठे असल्याने ही ‘राखीव’ औषधे रोजच्या वापरात आली. त्यांचा वापर वाढला, तसे त्यांनाही तोडणारे एन्झाइम बाळगणारे जिवाणू तगून राहिले. या एन्झाइमना कार्बापेनेमेज म्हणतात.

औषधाचा डोस वाढवून भागत का नाही?

याचे उत्तर जिवाणूच्या रचनेत आहे. क्लेबसिएला, ई. कोलाय, अॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे सारे ग्रॅम-निगेटिव्ह गटातले. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅमच्या रंगात ते गुलाबी दिसतात. त्यांच्या पेशीभित्तिकेच्या बाहेर आणखी एक आवरण असते. औषधाला त्या आवरणातील अरुंद छिद्रांमधून एकेक रेणू करत आत यावे लागते. बाहेरचे आवरण आणि आतले पटल यांच्यातील चिंचोळ्या जागेत एन्झाइम दाटीने भरलेले असतात. म्हणजे दरवाजा अरुंद आणि दाराआड पहारेकरी, अशी ही व्यवस्था.

शिवाय एन्झाइम एक रेणू तोडून संपत नाही. तो पुढच्या रेणूसाठी लगेच मोकळा होतो. त्यामुळे शरीराला झेपेल एवढा डोस वाढवूनही पारडे सहसा फिरत नाही.

मेरोपेनेम चालत नाही याचे कारण दर वेळी एन्झाइमच असते असे मात्र नाही. काही जिवाणू बाहेरच्या आवरणातील छिद्रे बंद करून घेतात. त्याने औषध आत येत नाही, पण अन्नही कमी येते आणि जिवाणूची वाढ खुंटू शकते. एन्झाइमचे तसे नाही. त्याचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर असू शकते. एक जिवाणू शेजारच्याला चिकटून या तुकड्याची प्रत देऊ शकतो. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालते. क्लेबसिएलाकडून ई. कोलायकडे हे जनुक असेच जाते. त्याच तुकड्यावर अॅमिकासिनसारख्या दुसऱ्या गटातील औषधांना निकामी करणारी जनुकेही अनेकदा असतात. आजींच्या रिपोर्टवर एकदम इतके ‘आर’ दिसतात, त्यामागे बहुधा हेच कारण आहे.

मुंबईत हे केव्हा लक्षात आले?

ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात माहीमच्या पी. डी. हिंदुजा रुग्णालयात कार्बापेनेमला न जुमानणारे आतड्यांच्या जिवाणूंच्या गटातील २४ नमुने आढळले. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेने त्यांत एक नवे जनुक शोधले. २४ पैकी २२ नमुन्यांत ते सापडले. बहुतेक नमुने क्लेबसिएला आणि ई. कोलायचे होते. मार्च २०१० मध्ये असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका शहरातल्या एका रुग्णालयात, अवघ्या काही महिन्यांत, प्रतिकार करणारा जवळजवळ प्रत्येक जिवाणू एकच हत्यार वापरत होता, हा त्याचा अर्थ.

त्या जनुकातून बनणारे एन्झाइम म्हणजे एनडीएम-१. पूर्ण नाव ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत ते प्रथम आढळले आणि २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ने चेन्नई, हरियाणा, ब्रिटन तसेच भारत-पाकिस्तानातील इतर ठिकाणच्या नमुन्यांचा मोठा अभ्यास छापला आणि देशात वादळ उठले. राजधानीचे नाव जिवाणूच्या एन्झाइमला का, वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा हा डाव आहे का, अशा प्रश्नांनी संसदेपर्यंत मजल मारली. नावाबद्दलचा आक्षेप समजण्यासारखा होता. पण त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. त्याआधी पाच महिने मुंबईतल्याच डॉक्टरांनी, भारतातल्याच नियतकालिकात, हाच इशारा दिला होता. त्यांच्या शीर्षकात कार्बापेनेमच्या उपचारांचा पर्याय धोक्यात आल्याचे स्पष्ट म्हटले होते.

पुढचे आकडे हा इशारा खरा ठरल्याचे दाखवतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद अर्थात आयसीएमआरच्या जाळ्यातील रुग्णालयांत २०१७ मध्ये क्लेबसिएलाचे सुमारे ५८ टक्के नमुने इमिपेनेमने मरत होते. २०२३ मध्ये हे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांवर आले. ही मोठी, गुंतागुंतीचे रुग्ण येणारी रुग्णालये आहेत. केबिन रोडवरच्या प्रत्येक तापाला हा आकडा लागू होत नाही. पण आजी ज्या अतिदक्षता विभागात पोहोचल्या, तिथे मात्र तो लागू होतो.

कोणते एन्झाइम आहे याने काय फरक पडतो?

कार्बापेनेमेज दोन पद्धतीने काम करतात. पहिल्या पद्धतीत एन्झाइमच्या मध्यभागी सेरीन नावाचे अमिनो आम्ल असते. ते औषधाला आधी चिकटते आणि मग पाण्याच्या रेणूच्या मदतीने तोडून सोडते. अमेरिकेत आणि युरोपात गाजलेले केपीसी आणि प्रथम तुर्कस्तानात सापडलेले ओएक्सए-४८ हे या प्रकारातले. दुसऱ्या पद्धतीत मध्यभागी जस्ताचे दोन अणू असतात. ते पाण्याच्या रेणूलाच धारदार करतात आणि पाणी थेट औषधाच्या कड्यावर तुटून पडते. औषधाला आधी चिकटण्याची गरजच नाही. एनडीएम हा या दुसऱ्या प्रकारातला.

गेल्या दशकात एन्झाइमलाच बांधून टाकणारी औषधे आली. त्यांना अवरोधक म्हणतात. आपल्याकडे मिळणारे महत्त्वाचे अवरोधक म्हणजे अॅव्हिबॅक्टम. ते सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकासोबत एकाच कुपीत येते. अॅव्हिबॅक्टम एन्झाइमच्या सेरीनला घट्ट पकडून बसते आणि तोवर सेफ्टाझिडिम जिवाणूला मारते. केपीसी आणि ओएक्सए-४८ वर ही युक्ती चालते. एनडीएममध्ये पकडायला सेरीनच नाही. अॅव्हिबॅक्टम त्याच्यासमोर निरुपयोगी ठरते आणि एनडीएम सेफ्टाझिडिमही तोडून टाकते.

भारताची अडचण नेमकी इथे आहे. पाश्चात्त्य देशांत प्रथम केपीसीचा उद्रेक झाला आणि नवी औषधे प्रामुख्याने त्याच्यासाठी घडली. आपल्याकडे केपीसी विरळा. एनडीएम आणि ओएक्सए-४८ च्या कुटुंबातील एन्झाइम हे इथले मुख्य दोन. अनेकदा ते दोन्ही एकाच जिवाणूत असतात. म्हणून ‘नवे, महागडे, मोठे अँटिबायोटिक द्या’ एवढ्याने काम होत नाही. एका दिवसाला हजारो रुपये खर्चून दिलेले सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम एनडीएम असलेल्या रुग्णाला एकट्याने काहीच देत नाही.

एन्झाइम ओळखतात कसे?

यासाठीची एक चाचणी इतकी साधी आहे की, मध्यम आकाराच्या प्रयोगशाळेतही ती करता येते. तिला एमसीआयएम म्हणतात. मेरोपेनेमची छोटी चकती रुग्णाच्या जिवाणूंच्या द्रावणात चार तास बुडवून ठेवतात. मग ती काढून, सर्व औषधांना बळी पडणाऱ्या एका निरुपद्रवी ई. कोलायच्या थरावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू मेल्याचे मोकळे वर्तुळ किती मोठे आहे ते मोजतात. रुग्णाच्या जिवाणूने चार तासांत चकतीतील औषध खाऊन टाकले असेल, तर वर्तुळ जेमतेम पडते. त्याचा व्यास १५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कार्बापेनेमेज आहे. १९ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर नाही.

एन्झाइम जस्तावर चालणारे आहे का, हे पाहण्यासाठी दुसऱ्या नळीत ईडीटीए हे रसायन घालतात. ते जस्त ओढून घेते. जस्त गेले की एनडीएम बंद पडते, चकतीतील औषध वाचते आणि वर्तुळ मोठे होते. दोन वर्तुळांत ५ मिलिमीटर किंवा जास्त फरक पडला तर एनडीएमसारखे जस्तवाले एन्झाइम आहे असे समजतात.

आता आजींच्या नमुन्याकडे येऊ. समजा पहिल्या नळीतील चकतीभोवती ६ मिलिमीटर, म्हणजे फक्त चकतीच्याच व्यासाएवढे माप आले. ईडीटीएच्या नळीतील चकतीभोवती ८. फरक फक्त २. नियमाने निष्कर्ष निघेल की एन्झाइम जस्तवाले नाही, म्हणजे सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम द्यायला हरकत नाही. पण भारतात इथेच फसगत होऊ शकते. जिवाणूत एनडीएम आणि ओएक्सए-४८ दोन्ही असतील, तर ईडीटीएने एनडीएम बंद पडले तरी ओएक्सए चकतीतले औषध खात राहते. वर्तुळ वाढत नाही आणि एनडीएम लपून राहते.

ही चूक पकडायची तर जनुक किंवा एन्झाइम थेट शोधणारी चाचणी हवी. जनुक शोधणारी यंत्रावरची चाचणी तासाभरात निकाल देते. गर्भधारणा चाचणीच्या पट्टीसारखी दिसणारी पट्टी वाढलेल्या जिवाणूंवर वापरली तर पंधरा मिनिटांत रेघा उमटवते. आजींच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात, एक एनडीएमची आणि एक ओएक्सए-४८ची. उपचारांची दिशा इथे बदलते. दोन दिवस चुकीच्या महागड्या औषधावर जाण्याऐवजी त्याच दुपारी योग्य औषधे सुरू करता येतात.

कोलिस्टिन आहेच की, मग अडचण काय?

कोलिस्टिन १९५० च्या दशकातले औषध. मूत्रपिंडाला इजा करते म्हणून ते मागे पडले होते. कार्बापेनेम हरू लागल्यावर ते पुन्हा बाहेर काढावे लागले. ते बीटा-लॅक्टम नाही, जिवाणूचे बाहेरचे आवरणच विस्कटते, त्यामुळे एनडीएम त्याला तोडू शकत नाही. पण जिवाणू मारायला लागणारी मात्रा आणि मूत्रपिंड बिघडवणारी मात्रा यांत फारच कमी अंतर आहे. आजींचे मूत्रपिंड मधुमेहाने आणि कोसळलेल्या रक्तदाबाने आधीच दमलेले असेल, तर हे अंतर जवळजवळ उरत नाही. त्याचे भावंड पॉलिमिक्सिन-बी मूत्रपिंडाला थोडे सोपे जाते, पण ते लघवीत पुरेसे उतरत नाही. लघवीच्या मार्गातील संसर्गात हा मोठाच दोष.

कोलिस्टिनचा रिपोर्टही जपून वाचावा लागतो. चकती ठेवून वर्तुळ मोजण्याची नेहमीची पद्धत या औषधाला चालत नाही, कारण त्याचा मोठा रेणू माध्यमात नीट पसरतच नाही. प्रयोगशाळांसाठी निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतील सीएलएसआय या संस्थेने २०२० मध्ये कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा वर्गच काढून टाकला. चाचणीत जिवाणू मेला तरी रुग्णात तो मरेलच असे म्हणता येत नाही, हे त्यामागचे कारण.

टायगेसायक्लिन हे दुसरे नाव नेहमी घेतले जाते. ते रक्तातून झपाट्याने ऊतींत शिरते, त्यामुळे रक्तात आणि लघवीत त्याची पातळी कमी राहते. आजींचा संसर्ग नेमका रक्तात आणि लघवीत आहे. रिपोर्टवर त्यापुढे ‘एस’ असले तरी त्यांच्यासाठी ते एकटे भरवशाचे नाही. अशा रीतीने यादीत दोन-तीन ‘एस’ दिसतात आणि त्यातले एकही नि:संकोच देता येत नाही. ‘पर्याय कमी’ म्हणतात ते हेच.

मग एनडीएमवर काय चालते?

उत्तर एका जुन्या औषधात सापडले. त्याचे नाव अॅझ्ट्रिओनाम. हेही बीटा-लॅक्टमच, पण त्याची रचना वेगळी असल्याने एनडीएमला ते जवळजवळ तोडता येत नाही. मात्र एनडीएम बाळगणाऱ्या जिवाणूकडे जोडीला ईएसबीएलही असतेच, आणि ते अॅझ्ट्रिओनाम आरामात तोडते. म्हणून एकटे अॅझ्ट्रिओनाम हरते.

डॉक्टरांनी दोन कमकुवत औषधे एकत्र केली. सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टममधील अॅव्हिबॅक्टम ईएसबीएल आणि ओएक्सए-४८ यांना पकडून ठेवते. उरते फक्त एनडीएम, आणि त्याला अॅझ्ट्रिओनाम तोडता येत नाही. जिवाणूचा प्रत्येक पहारेकरी कुठल्या तरी कामात अडकतो आणि अॅझ्ट्रिओनाम आत पोहोचते. यासाठी दोन्ही औषधे एकाच वेळी रक्तात असायला हवीत. म्हणून ती एकामागून एक न देता, एकाच वेळी, दर आठ तासांनी आणि प्रत्येक वेळी साधारण तीन तास संथपणे दिली जातात. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा त्यानुसार बदलते. एकाच कुपीतील अॅझ्ट्रिओनाम-अॅव्हिबॅक्टमला युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

आजींच्या क्लेबसिएलावर ही जोडी चालण्याची शक्यता चांगली आहे. तोच जिवाणू ई. कोलाय असता तर डॉक्टरांनी आणखी एक चाचणी मागितली असती. भारतातील एनडीएमवाल्या अनेक ई. कोलायमध्ये अॅझ्ट्रिओनामचे लक्ष्य असलेले प्रथिनच बदललेले आढळते. त्यात चार अमिनो आम्लांची भर पडलेली असते आणि औषध तिथे नीट बसत नाही. एन्झाइम रोखूनही मग जोडी अपुरी पडू शकते. त्यामुळे दोन्ही औषधे एकत्र घालून जिवाणू वाढतो का, हे प्रयोगशाळेने तपासणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातूनही एक प्रयत्न सुरू आहे. मुंबईत मुख्यालय आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्ट कंपनीने झिडेबॅक्टम हा रेणू तयार केला. तो एनडीएमला रोखत नाही. सेफेपिम भिंत विणणाऱ्या एका प्रथिनावर घाव घालते, तर झिडेबॅक्टम दुसऱ्याच प्रथिनावर. एकाच वेळी दोन ठिकाणी मार बसल्याने एन्झाइम असूनही जिवाणू टिकत नाही, अशी त्यामागची कल्पना आहे.

काहीच औषध उरत नाही, असे खरोखर घडते का?

घडले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यात सत्तरी ओलांडलेल्या एका महिलेचा मृत्यू झाला. मांडीचे हाड मोडल्याने आणि त्यानंतर हाडात झालेल्या संसर्गामुळे त्यांनी भारतात अनेकदा रुग्णालयात उपचार घेतले होते. त्यांच्या जखमेतील क्लेबसिएलामध्ये एनडीएम होते आणि अमेरिकेत उपलब्ध असलेल्या २६ प्रतिजैविकांपैकी एकही त्यावर चालले नाही. प्रयोगशाळेत फॉस्फोमायसिन थोडे प्रभावी दिसले, पण शिरेतून द्यायचा त्याचा प्रकार तेव्हा अमेरिकेत मान्यताप्राप्त नव्हता. केबिन रोडच्या आजींची कहाणीही मोडलेल्या हाडापासूनच सुरू झाली होती.

हे जिवाणू घरापर्यंत येतात का, आणि कुटुंबाने काय विचारावे?

आजी बऱ्या होऊन घरी आल्या तरी त्यांच्या आतड्यात हे जिवाणू अनेक महिने राहू शकतात. त्याला वसाहत म्हणतात, आजार नव्हे. निरोगी माणसाला त्याने सहसा काही होत नाही. म्हणून महिनाभराने केलेल्या लघवीच्या तपासणीत तोच जिवाणू दिसला, पण ताप नाही, जळजळ नाही, पोटात दुखत नाही, तर बहुतेक वेळा औषध द्यायचे नसते. केवळ कागदावरच्या जिवाणूवर दिलेले प्रतिजैविक इतर जिवाणूंना मारून याच जिवाणूला मोकळी जागा करून देते.

अशी जागा गोळ्यांनीही होते. फॅरोपेनेम ही गोळी कार्बापेनेमच्या जवळच्या नात्यातली आहे आणि आपल्याकडे घसा किंवा लघवीच्या साध्या तक्रारीसाठीही ती लिहिली जाते. एनडीएमला ती सहज तोडता येते, म्हणजे तिच्या माऱ्यात तग धरणारे कोण, हे उघड आहे. कार्बापेनेम इंजेक्शने मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ यादीत आहेत आणि त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे ठेवायची असते. पण औषधाची गरज होती का, हे नोंदवहीतून कळत नाही.

रुग्णालयात हे जिवाणू प्रामुख्याने हात, नळ्या आणि ओलसर बेसिन यांच्यामार्फत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. लघवीची नळी जितके दिवस राहते, तितकी संसर्गाची शक्यता दररोज वाढते. त्यामुळे नातेवाईकांनी फेरीवर येणाऱ्या डॉक्टरांना रोज विचारावा असा पहिला प्रश्न हा : “डॉक्टर, नळी आज काढता येईल का?” आजींची नळी नऊऐवजी तिसऱ्या दिवशी निघाली असती, तर कदाचित पुढचे काहीच घडले नसते.

दुसरा प्रश्न रुग्णालय बदलताना. नव्या ठिकाणी जुने कल्चर रिपोर्ट आणि दिलेल्या प्रतिजैविकांची यादी पहिल्याच तासात दाखवावी. रुग्ण आधी नर्सिंग होममध्ये दाखल होता आणि सेफ्ट्रायॅक्सोनवर होता हे कळले, तर डॉक्टर मेरोपेनेमवर विसंबण्याआधी दोनदा विचार करतात आणि रुग्णाला वेगळे ठेवतात. आणि रिपोर्टवर मेरोपेनेमपुढे ‘आर’ दिसलाच, तर तिसरा प्रश्न : “यात एनडीएम आहे की ओएक्सए, ते तपासले का?” ही चाचणी एका दिवसाच्या राखीव औषधाच्या खर्चाच्या तुलनेत फार महाग नाही, आणि ते औषध रुग्णाला उपयोगी पडणार की वाया जाणार हे तीच ठरवते.